गाडीचं ॲव्हरेज अचानक पडलं? आधी मागचं चाक हाताने फिरवून पाहा



आपल्यापैकी बहुतेक जण शंभर ते सव्वाशे सीसीची साधी मोटारसायकल वापरतो. सकाळी शाळेत जायचं, संध्याकाळी परत यायचं, रोजचा रस्ता ठरलेला, वेगही जवळपास तोच. अशा गाडीचं ॲव्हरेज हळूहळू वर्षभरात दोन-चारने उतरलं तर ते वयोमान समजा. पण गेल्या महिन्यापर्यंत 60 देणारी गाडी या महिन्यात 48 वर आली, तर ते वयोमान नाही. मधल्या काळात काहीतरी बदललेलं असतं आणि बहुतेक वेळा ते घरच्या घरी सापडतं. गॅरेजमध्ये जाऊन नुसतं "ॲव्हरेज देत नाही" म्हटलं की कार्बोरेटर उघडला जातो, प्लग बदलला जातो, ऑइल बदललं जातं आणि मूळ दोष कधीकधी तसाच राहतो.

शोधायची दिशा एका प्रश्नाने ठरते. गाडी अडते आहे, की इंजिन पेट्रोल जास्त पिते आहे? अडते म्हणजे इंजिन ठीक आहे, पण चाक मोकळं फिरत नाही, म्हणून तेवढंच अंतर जायला जास्त जोर लागतो. पिते म्हणजे चाकं मोकळी आहेत, पण इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जातं किंवा गेलेलं पेट्रोल नीट कामी येत नाही. माझा अनुभव असा की अचानक घसरणीत पहिलं कारण जास्त वेळा निघतं, आणि आपण मात्र शोधायला सुरुवात दुसऱ्यापासून करतो.

पण त्याआधी मोजमाप. (ॲव्हरेज म्हणजे सरासरी, हे गणिताच्या तासाला आपण शिकवतो. गाडीच्या बाबतीत मात्र तो सरळ भागाकार आहे, एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर.) पुष्कळ जण शंभर रुपयांचं पेट्रोल टाकतात आणि रिझर्व्हला लागेपर्यंत किती पळाली ते बघतात. यात साधारण एक लिटर पेट्रोल असतं आणि गाडी रिझर्व्हला नेमकी कधी लागेल हे रस्त्याच्या चढावर, गाडी कोणत्या बाजूला कलली होती त्यावरही ठरतं. 100 मिलीचा फरक सहज पडतो. एक लिटरमागे 100 मिली चुकलं, तर 60 ची गाडी एकदा 54 दिसेल आणि एकदा 66. तोच फरक साडेचार लिटरमागे पडला तर चूक दोन टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणून मोजायचं ते टाकी ते टाकी. पंपावर गाडी डबल स्टँडवर लावा, टाकीच्या तोंडाखालच्या पट्टीपर्यंत पेट्रोल भरा, किलोमीटर लिहून घ्या. आठवडाभर नेहमीसारखी चालवा. मग त्याच पंपावर, तशीच डबल स्टँडवर लावून, त्याच पट्टीपर्यंत भरा. पावतीवर जेवढे लिटर, तेवढंच तुम्ही जाळलेलं पेट्रोल. टाकी अगदी काठोकाठ भरू नका, उन्हात पेट्रोल फुगतं आणि बाहेर येतं.

मोजताना मीटरवरही एकदा शंका घ्या. जुन्या गाड्यांत मीटरची केबल पुढच्या चाकातून येते. चाकातली गरारी झिजली किंवा केबल अडकू लागली की काटा थरथरतो, मधेच शून्यावर पडतो आणि तेवढे किलोमीटर मोजलेच जात नाहीत. गाडी पळालेली असते 50 आणि मीटर म्हणतं 42. अशा वेळी इंजिन उघडून काही सापडणार नाही. महामार्गावरच्या दगडांवरून किंवा मोबाईलच्या नकाशावर ठरलेलं दहा किलोमीटरचं अंतर मीटरशी ताडून पाहा, लगेच उत्तर मिळतं.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. आमच्या शाळेतल्या एका सरांची कार्बोरेटरची शंभर सीसीची जुनी गाडी. घर ते शाळा 18 किलोमीटर, म्हणजे रोज 36. वर्षानुवर्षं 60 च्या आसपास देणारी गाडी. "आता पन्नासही देत नाही, विकून टाकतो," इथपर्यंत सर आले होते. टाकी ते टाकी मोजायला लावलं. सोमवार ते शनिवार सहा दिवस, 216 किलोमीटर, शनिवारी पेट्रोल लागलं 4.5 लिटर. भागाकार 48. म्हणजे तक्रार खरी होती. पूर्वी याच अंतराला 3.6 लिटर लागायचं, आता आठवड्याला 900 मिली जास्त. लिटरला 105 रुपये धरले तर आठवड्याला जवळपास 95 रुपये.

(इथे वर्गात विचारण्यासारखा एक प्रश्न आहे. ॲव्हरेज 60 वरून 48 झालं, म्हणजे 20 टक्के कमी. मग पेट्रोलही 20 टक्के जास्त लागलं का? नाही, 3.6 चे 4.5 झाले, म्हणजे 25 टक्के जास्त. मुलं यावर बराच वेळ भांडतात. भांडू द्यावं.)

नंतर सरांना एवढंच विचारलं, की महिनाभरात गाडीला काय काय केलं? आधी म्हणाले काहीच नाही. मग आठवलं, चेन आवाज करत होती म्हणून रस्त्यावरच्या एका गॅरेजात ओढून घेतली होती. ॲव्हरेजची तक्रार त्यानंतरचीच.

गाडी डबल स्टँडवर घेतली. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला. मागचं चाक टायरला धरून हाताने जोरात फिरवलं. मोकळं चाक चेनसकट दोन-तीन फेरे तरी आरामात घेतं. हे चाक अर्धा फेरा जाऊन थांबलं आणि ड्रममधून खर्र-खर्र असा सतत घासल्याचा आवाज आला. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. ब्रेक लागलेलाच होता. पायाने दाबायचा पॅडल खाली जायला अजिबात मोकळी जागा नव्हती.

चेन ओढली तर ब्रेक का लागावा? हे नीट समजून घेण्यासारखं आहे. चेन ढिली झाली की ती ताणण्यासाठी मागच्या चाकाचा एक्सल सैल करून अख्खं चाक पाच-सहा मिलीमीटर मागे सरकवतात. मागच्या ड्रम ब्रेकला एक लांब लोखंडी रॉड असतो. त्याचं पुढचं टोक ब्रेकच्या पॅडलला जोडलेलं, आणि पॅडल गाडीच्या सांगाड्यावर जागच्या जागी. मागचं टोक ड्रमवरच्या छोट्या आर्मला नटने अडकवलेलं, आणि ड्रम चाकाबरोबर मागे गेलेला. रॉडची लांबी मात्र तेवढीच. म्हणजे चाक मागे सरकलं तेवढा रॉडने आर्म पुढे ओढून धरला. तुम्ही पॅडल दाबता तेव्हा रॉड नेमकं हेच करतो. फरक इतकाच की आता पाय न लावताच ब्रेक थोडा लागून राहिला आणि तो घेऊन गाडी रोज 36 किलोमीटर जात होती. चांगला मेकॅनिक चेन ताणल्यावर ब्रेकचा नट मागे घेतोच. घाईत ते राहून जातं. चालवताना जाणवत नाही, कारण आपण नकळत ॲक्सिलरेटर थोडा जास्त पिळतो आणि गाडी नेहमीच्या वेगाने चालते.

उपाय पाच मिनिटांचा. रॉडच्या मागच्या टोकाचा नट पान्ह्याने अर्धा-अर्धा फेरा सैल करायचा. अर्ध्या फेऱ्याने यासाठी, की त्या नटाची आतली बाजू खोलगट असते आणि ती आर्ममधल्या गोल पिनवर नीट बसावी लागते. मधेच तिरका ठेवला तर तो चालताना स्वतःच फिरून बसतो आणि माप बदलतं. पॅडल साधारण एक इंच मोकळा दबला आणि मग ब्रेक लागू लागला, की माप बरोबर. दोन-तीनदा पॅडल जोरात दाबून सोडा, चाक पुन्हा फिरवून पाहा. त्यानंतर मोकळ्या जागी अगदी हळू चालवून ब्रेक खरंच लागतो ना आणि पॅडल दाबल्यावर मागचा लाल दिवा पेटून सोडल्यावर विझतो ना, हे बघितल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. पॅडल सोडूनही दिवा पेटलेला राहत असेल, तर पॅडल वर येत नाही किंवा स्विचचं माप चुकलं आहे. नट पुरेसा सैल करूनही चाक घासतच राहिलं, तर आतला कॅम गंजून अडकला असेल किंवा ब्रेक शूची स्प्रिंग गेली असेल. तिथून पुढे ड्रम उघडावा लागतो, ते काम गॅरेजचं.

घरी मुलं मदतीला असतील तर एक सूचना कडक द्या. इंजिन चालू ठेवून चाक फिरवायचं नाही आणि बंद असतानाही बोटं चेनच्या व आऱ्यांच्या जवळ न्यायची नाहीत.

चेनही बघून घेतली. ओढताना गरजेपेक्षा जास्त ताणली होती. चेनच्या खालच्या बाजूला, दोन्ही दातेरी चाकांच्या मधोमध बोटाने वर-खाली हलवलं तर साधारण 20 ते 30 मिलीमीटर हालचाल हवी, आणि चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच जागी बघायचं, कारण जुनी चेन एका जागी ढिली आणि दुसऱ्या जागी ताठ असते. जिथे सर्वांत ताठ असेल, तिथलं माप धरायचं. चेन तारेसारखी ताठ ठेवली तर माणूस बसल्यावर शॉकॲब्सॉर्बर दबतो आणि ती आणखी ताणली जाते. मग ॲव्हरेजही जातं आणि बेअरिंगही.

पुढचं चाक हलकं फिरत होतं. ज्यांच्या गाडीला पुढे डिस्क आहे, त्यांना तिथे थोडासा घासल्याचा आवाज येणारच, तो दोष नव्हे. पण डिस्कचं चाकही हाताला जड लागत असेल, तर कॅलिपरमध्ये माती बसून पिस्टन मागे जात नसेल. डबल स्टँडवर पुढचं चाक जमिनीला टेकत असेल तर कोणाला तरी मागून दाबायला सांगा.

सर पुढचा आठवडा फक्त ब्रेक आणि चेन नीट करून गाडी चालवत राहिले. बाकी काही नाही. हा माझा आग्रह होता, कारण एकाच दिवशी चार गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. विज्ञानाच्या प्रयोगात एका वेळी एकच चल बदलायचं हे आपण फळ्यावर लिहितो, ते इथे पाळायचं. शनिवारी 216 किलोमीटरला 4 लिटर लागलं. 54.

मग हवा. मागच्या टायरमध्ये 18 पीएसआय निघाली. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना पुढे 25 आणि मागे एकट्याने चालवताना 28-29 लागते, मागे कोणी बसणार असेल तर त्याहून जास्त. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असतो, बहुतेक गाड्यांवर त्याचं स्टिकरही असतं, तोच धरा. टायर अंगठ्याने दाबून काही कळत नाही, 18 आणि 28 दोन्ही हाताला कडकच लागतात. हवा सकाळी गाडी फारशी चाललेली नसताना तपासावी, कारण टायर तापला की दाब वाढलेला दिसतो. तिसऱ्या आठवड्यात तेवढ्याच अंतराला 3.75 लिटर लागलं, म्हणजे 57.6. उरलेल्या दोन-अडीचसाठी आम्ही काही उघडलं नाही.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे पेट्रोलमधलं इथेनॉल. हो, त्याने ॲव्हरेज कमी होतं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. पण 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी, आणि पूर्वीच्या 10 टक्केवाल्या पेट्रोलशी तुलना केली तर तीन-साडेतीन टक्क्यांनी. 60 च्या गाडीत हा फरक दोनेक किलोमीटरचा. 60 चे 48 इथेनॉलने होत नाहीत. सगळा दोष पंपावर टाकून मोकळं झालं, की घासणारा ब्रेक तसाच घासत राहतो.

आता समजा तुमची दोन्ही चाकं मोकळी आहेत, हवा बरोबर आहे, मीटर खरं आहे, आणि तरीही ॲव्हरेज पडलंय. मग प्रश्नाचा दुसरा भाग, इंजिन जास्त पिते आहे.

कार्बोरेटरची गाडी असेल तर आधी चोक बघा. थंडीत सकाळी ओढलेला चोक अर्धाच परत जातो, किंवा त्याची केबल गंजून अडकते. इंजिनात हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. खूण म्हणजे सायलेन्सरमधून काळा धूर, कच्च्या पेट्रोलचा वास, आणि गाडी गरम झाल्यावर जास्त अडखळणं. प्लग काढून पाहिला (इंजिन थंड असताना) तर त्याचं टोक सगळं सांगतं. फिकट तपकिरी रंग असेल तर मिश्रण ठीक. कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. काळं पण तेलकट, ओलं असेल तर इंजिन ऑइल जळतंय, तो वेगळा आजार. काजळी दिसली म्हणून फक्त प्लग बदलला तर नवाही काही दिवसांत तसाच होईल. चोक ठीक असेल तर एअर फिल्टर काढून बघा. धुळीच्या रस्त्याने जाणाऱ्यांचा फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीच्या आधीच भरतो. फोमचा असेल तर धुऊन, तेल लावून, पिळून परत बसवता येतो. तेल लावलेला कागदी फिल्टर मात्र हवेने झटकायचा नसतो, तो बदलायचाच.

2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 आलं आणि नव्या गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. त्यांना हाताचा चोक नाही, आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण संगणक सेन्सरच्या मदतीने जुळवून घेतो. तिथे तुम्ही एवढं बघा की चावी फिरवल्यावर मीटरमधला इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. गाडी चालू असतानाही तो पेटलेला राहिला, तर एखादा सेन्सर चुकीची माहिती देत असू शकतो, आणि संगणक खबरदारी म्हणून जास्त पेट्रोल सोडत असेल. ही तपासणी ज्यांच्याकडे कोड वाचायचं यंत्र आहे, अशाच वर्कशॉपमध्ये करा.

क्लचचा दोष मधल्या कुंपणावरचा, तो ना चाकात दिसतो ना प्लगवर. चढावर टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग तसा वाढत नाही, म्हणजे क्लच प्लेट घसरताहेत. लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिलीमीटर मोकळी हालचाल आहे का बघा. ती नसेल तर केबल सैल केल्यानेच काम होतं. आणि नुकतंच ऑइल बदललं असेल तर ते मोटारसायकलचंच होतं ना, हे विचारा. कारच्या ऑइलमध्ये घसरणपणा वाढवणारे पदार्थ असू शकतात आणि आपल्या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो.

शेवटी कार्बोरेटरच्या गाडीतली गळती. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. पेट्रोल लगेच उडून जातं म्हणून सकाळी डाग दिसेलच असं नाही, पण कार्बोरेटरखालच्या बारीक नळीचं टोक ओलं असेल किंवा जवळ गेल्यावर वास येत असेल, तर आतली फ्लोटची सुई कचऱ्याने बसत नाही. तोपर्यंत गाडी उभी केली की पेट्रोलचा कॉक बंद करत जा. आणि ऑइलची काडी काढून पाहा. पातळी न घालता वाढली असेल आणि काडीला पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल इंजिनात उतरलं आहे. पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवू नका. आधी सुई दुरुस्त करून ऑइल बदला, आणि ॲव्हरेज मोजायला त्यानंतरच्या टाकीपासून सुरुवात करा.